डेटा चुकला तर उत्तर कोणी द्यायचं? छोट्या संस्थेत ओनर, स्टुअर्ड आणि कस्टोडियन नेमण्याची रीत

मशिनांच्या देखभालीचे वार्षिक करार घेणारी एक संस्था डोळ्यांसमोर आणा. माणसं 18, चालू करार 212. करार संपायच्या 30 दिवस आधी ग्राहकाला नूतनीकरणाची सूचना जायला हवी आणि ती सॉफ्टवेअर आपोआप पाठवतं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात एका ग्राहकाचं मशीन बंद पडतं. तो फोन करतो, सर्व्हिस विभागातली समन्वयक स्क्रीनवर बघते, करार चालू दिसतो, ती माणूस पाठवते. काम होतं. मग हिशेबाच्या टेबलावर कळतं की हा करार 5 मार्चलाच संपला होता. सॉफ्टवेअरमध्ये मात्र तारीख 3 मे आहे, आणि नूतनीकरणाची सूचना गेलेलीच नाही.

आता सगळे एका खोलीत बसतात. विक्रीवाला म्हणतो, माझ्या शीटमध्ये तारीख बरोबर आहे, हवं तर उघडून बघा. समन्वयक म्हणते, तारखा मी ठरवत नाही, त्या वरून येतात. सॉफ्टवेअर सांभाळणारा म्हणतो, मला फाइल मिळाली, मी ती चढवली. गंमत म्हणजे तिघंही खरं बोलताहेत. खोटं कोणी बोलत असतं तर प्रश्न लवकर सुटला असता.

या लेखात हीच एक घटना धरून तिन्ही भूमिका कशा नेमायच्या, कागदावर काय लिहायचं आणि चूक सापडल्यावर कोणाकडे काय मागायचं हे पाहू. मोठ्या कंपन्यांत यासाठी समित्या असतात. 18 माणसांच्या संस्थेत समिती नेमली तर पहिल्या बैठकीनंतर ती पुन्हा भरत नाही, म्हणून इथे समिती नाही.

आधी तीन शब्दांचा अर्थ

डेटा ओनर म्हणजे त्या डेटाचा अर्थ ठरवण्याचा आणि तो वापरायचा की थांबवायचा हे सांगण्याचा अधिकार असलेला माणूस. 'ओनर' हा शब्द जरा फसवा आहे, कारण डेटा त्याच्या मालकीचा नसतो. संस्थेच्या वतीने निर्णय घेण्याचा हक्क फक्त त्याचा असतो. डेटा स्टुअर्ड म्हणजे कारभारी: ओनरने ठरवलेले नियम रोजच्या नोंदींत पाळले जातात का हे बघणारा, चुका शोधणारा आणि दुरुस्त करवून घेणारा. कस्टोडियन म्हणजे राखणदार: डेटा जिथे ठेवलाय ती जागा, तिच्या किल्ल्या, बॅकअप आणि एका ठिकाणाहून दुसरीकडे होणारी ने-आण सांभाळणारा.

धान्याच्या कोठाराची कल्पना केली तर कोठारात कोणतं धान्य ठेवायचं आणि कोणाला द्यायचं हे ओनर सांगतो. किडकं आलंय का हे स्टुअर्ड बघतो. कुलूप आणि छप्पर कस्टोडियनकडे. किडकं धान्य पाहून राखणदाराने स्वतःच्या मर्जीने ते बदलून टाकलं तर वरवर चांगलंच वाटेल, पण त्यानंतर कोठारात नेमकं काय होतं हे कोणालाच सांगता येणार नाही. डेटात हे फार वेळा घडतं, त्याकडे पुढे येऊ.

पहिली पायरी: एकच यादी निवडा

सगळ्या डेटाची सूची करायला बसू नका. गेल्या सहा महिन्यांत ज्या चुकीमुळे बाहेरून फोन आला किंवा पैशाचा घोळ झाला, ती कोणत्या यादीतून आली ते बघा आणि तेवढ्या एकाच यादीपासून सुरुवात करा. आपल्या संस्थेत ती करारांची यादी आहे. ग्राहकांचे पत्ते, सुट्या भागांचा साठा, पगाराच्या नोंदी यांचा नंबर नंतर.

ती यादी कुठे कुठे आहे हे मात्र प्रामाणिकपणे लिहा. इथे मूळ शीट विक्रीकडे आहे, दुसरी प्रत सर्व्हिस सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि हिशेबनिसाने स्वतःच्या सोयीसाठी तिसरी प्रत ठेवली आहे. अशी तिसरी प्रत बहुतेक ठिकाणी असतेच आणि तिच्याबद्दल विचारलं की लोक थोडे ओशाळतात. तिला रागावून बंद पाडू नका. तिच्यात आढळणारे फरक हा तुम्हाला फुकटात मिळालेला तपास आहे. आपल्या घटनेतली चूकसुद्धा तिथेच दिसली.

मग या तिन्हींपैकी खरी कोणती ते ठरवा. करार झाला की त्याची पहिली नोंद जिथे होते ती जागा मूळ, बाकीच्या प्रती. दुरुस्ती नेहमी मूळ जागी होईल आणि तिथून खाली उतरेल, हा नियम आत्ताच लिहून ठेवा.

दुसरी पायरी: ओनर शोधा

छोट्या संस्थेत इथे दोन ठरलेल्या चुका होतात. पहिली म्हणजे संस्थापकाचं नाव सगळ्या रकान्यांत लिहून टाकणं. कागदावर ते योग्य दिसतं, पण 'करार मध्येच रद्द झाला तर संपण्याची तारीख बदलायची का' असल्या प्रश्नाला त्याच्याकडे वेळ नसतो. मग तो प्रश्न खाली कोणीतरी अंदाजाने सोडवतं आणि दुसरं कोणी दुसऱ्या अंदाजाने. दुसरी चूक म्हणजे 'डेटा ना, मग कॉम्प्युटरवाल्याकडे द्या'. त्याला डेटा कुठे आहे हे माहीत असतं. तो कशासाठी आहे हे ठरवणं त्याचं काम नाही.

नावं समोर ठेवून तीन प्रश्न विचारा. हा डेटा चुकला तर कोणाचं काम आधी अडतं? 'हा आकडा आज वापरू नका' असं कोण म्हणाला तर बाकीचे ऐकतील? दुरुस्तीसाठी दोन दिवस कोणाचं तरी काम बाजूला ठेवायचं असेल तर तसं सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? तिन्हींना एकच नाव आलं तर तो ओनर. वेगवेगळी आली तर तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला जास्त वजन द्या. वेळ देण्याचा अधिकार नसलेला ओनर हा नावापुरता ओनर असतो आणि चूक झाली की तो बोलणी खाण्यापुरताच उरतो.

आपल्या संस्थेत पहिली आणि तिसरी उत्तरं सर्व्हिस प्रमुखाकडे जातात. विक्रीवाला नोंद करतो, पण तारीख चुकल्याचा फटका सर्व्हिसला बसतो. म्हणून करारांच्या यादीचा ओनर सर्व्हिस प्रमुख. विक्रीवाला नाराज होईल, कारण शीट त्याची आहे. त्याला समजावून सांगायचं की शीट तुझ्याकडेच राहील, फक्त तिच्यातल्या रकान्यांचा अर्थ बदलायचा असेल तर सर्व्हिस प्रमुखाला विचारायचं.

एका यादीला ओनर एकच. दोन नावं लिहिली की एकही नसल्यासारखं होतं. रजेसाठी बदली माणूस लिहा, पण तो बदली म्हणूनच.

तिसरी पायरी: एका पानाचा अर्थकोश

ओनरचं सगळ्यात महत्त्वाचं काम एका पानात मावतं. प्रत्येक रकान्याचं वर्णन करत बसू नका. ज्यांच्यावर निर्णय अवलंबून आहेत असे चार-पाच रकाने पुरेत.

'करार संपण्याची तारीख' हाच रकाना घ्या. विचारपूस केली तर कळतं की विक्रीवाला तिथे सेवा मिळण्याचा शेवटचा दिवस लिहितो. सर्व्हिस सॉफ्टवेअर मात्र त्या तारखेपासून करार बंद झाला असं धरतं. म्हणजे प्रत्येक ग्राहकाचा एक दिवस हरवतो, आणि तोही कित्येक महिने कोणाच्या लक्षात न येता. यात कोणाची टायपिंगची चूक नाही. अर्थच ठरला नव्हता. पानावर असं लिहा:

'संपण्याची तारीख म्हणजे सेवा मिळण्याचा शेवटचा दिवस, तो दिवस धरून. करार 6 मार्च 2024 ला सुरू झाला तर ही तारीख 5 मार्च 2025. करार मध्येच रद्द झाला तरी ही तारीख बदलायची नाही, रद्द केल्याची तारीख वेगळ्या रकान्यात. रिकामी चालणार नाही. मूळ नोंद: विक्रीची शीट. अर्थ बदलायचा अधिकार: सर्व्हिस प्रमुख.'

एक प्रत्यक्ष तारीख उदाहरणात हवीच. नुसत्या व्याख्येवर माणसं माना डोलावतात आणि मग आपापल्या परीने वागतात. उदाहरणातली तारीख पाहिली की लगेच कोणीतरी 'अरे, मी तर 6 मार्च लिहितो' म्हणतं. ते ऐकण्यासाठीच हे पान आहे.

चौथी पायरी: स्टुअर्ड आणि त्याची तपासणी

स्टुअर्ड त्या डेटाजवळ रोज बसणारा असावा. आपल्याकडे समन्वयक. तिला आठवड्यातले दोन तास अधिकृतपणे द्यावे लागतात, तिच्या कामाच्या यादीत लिहून. 'बाकीचं झाल्यावर बघ' म्हटलेली तपासणी होत नाही.

काय तपासायचं? बहुतेक जण रिकामे रकाने शोधतात. त्याचा उपयोग आहे, पण खरा धोका भरलेल्या आणि दिसायला बरोबर असलेल्या चुकीच्या किमतीचा असतो. किंमत म्हणजे इथे पैसे नव्हेत, रकान्यात लिहिलेली तारीख, आकडा किंवा मजकूर. आपल्या घटनेत नेमकं काय घडलं होतं ते आता उलगडतो.

विक्रीची शीट तारखा दिवस/महिना/वर्ष अशा लिहीत होती. तिची सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची, फाइल काढली गेली. कस्टोडियनच्या कॉम्प्युटरवर तारखेची पद्धत महिना/दिवस/वर्ष अशी होती. त्याने फाइल डबल-क्लिक करून स्प्रेडशीटमध्ये उघडली, एक रकाना सरकवला, सेव्ह केली आणि सर्व्हिस सॉफ्टवेअरमध्ये चढवली. उघडतानाच स्प्रेडशीटने तारखा स्वतःच्या पद्धतीने वाचल्या. 05/03/2025 हे तिने 3 मे वाचलं. 25/03/2025 वाचताच येईना, कारण पंचविसावा महिना नसतो, म्हणून तो मजकूर म्हणून तसाच राहिला.

वर्षाच्या 365 तारखांचा हिशेब केला तर दिवसाचा आकडा 12 पेक्षा मोठा असलेल्या तारखा 221 आहेत. त्या अडकतात आणि म्हणून दिसतात. उरलेल्या 144 पैकी 12 तारखांत दिवस आणि महिना एकच आहे, 4 एप्रिलसारखा, त्यांना काही होत नाही. बाकीच्या 132 तारखा गुपचूप बदलतात. म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त. आपल्या 212 करारांत 128 अडकले, 7 जसेच्या तसे राहिले आणि 77 उलटे झाले.

सॉफ्टवेअरने ते 128 रिकामे घेतले. समन्वयकेला रिकामे रकाने दिसले, तिने मूळ शीट समोर ठेवून दोन दिवसांत ते हाताने भरले आणि सगळ्यांना वाटलं, प्रश्न मिटला. खरं तर पुरावाच मिटला होता. चढवल्याबरोबर पाहिलं असतं तर एकाही करारात 13 ते 31 मधला दिवस नाही हे दिसलं असतं आणि कोणालाही शंका आली असती. हाताने भरल्यावर तसे 128 दिवस यादीत आले आणि यादी अगदी नैसर्गिक दिसू लागली.

अशा चुकीसाठी तपासणी दोन रकान्यांना एकमेकांशी ताडून पाहणारी हवी. करार एक वर्षाचा असेल तर सुरुवातीपासून बरोबर एक वर्ष, उणे एक दिवस, ही संपण्याची तारीख असायला हवी. सुरुवात B मध्ये आणि शेवट C मध्ये असेल तर:

```
=EDATE(B2,12)-1=C2
```

उत्तर `FALSE` आलं की ओळ संशयित. 6 मार्च 2024 ही सुरुवात उलटून 3 जून 2024 झाली असेल आणि शेवट 3 मे 2025 झाला असेल, तर सूत्राला 2 जून 2025 ही तारीख अपेक्षित असते. ती नसल्याने ओळ पकडली जाते. महिना आणि दिवस अदलाबदल होताना दोन्ही तारखा वेगवेगळ्या रीतीने हलतात, त्यामुळे या सूत्राने 77 च्या 77 बाहेर आल्या असत्या, शिवाय फक्त सुरुवातीची तारीख चुकलेले काही करारही. ज्यांची मुदत मुळातच वर्षाची नाही ते करारही यात येतील, म्हणून मुदतीचा रकाना वेगळा ठेवा आणि सूत्रात 12 च्या जागी तो वापरा.

एवढी एक, आणि सोबत दोन साध्या तपासण्या: मूळ शीटमधल्या ओळी आणि सॉफ्टवेअरमधल्या ओळी सारख्या आहेत का, आणि एकाच मशीनच्या क्रमांकावर दोन चालू करार आहेत का. तीनच. दहा तपासण्या लावल्या तर तिसऱ्या आठवड्यापासून कोणी बघत नाही.

ओळी मोजणं बाळबोध वाटेल. पण 2020 च्या सप्टेंबरअखेरीस इंग्लंडमध्ये कोविडच्या 15,841 रुग्णांच्या नोंदी रोजच्या आकड्यांतून गळाल्या, त्या ओळींची मोजणी नसली की घडतं तशाच प्रकाराने. प्रयोगशाळांच्या फाइली जुन्या `XLS` प्रकारात चढवल्या जात होत्या आणि त्या प्रकारात एका पानावर 65,536 पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. वरच्या ओळी गप्प बसून राहिल्या, खालच्या गप्प बसून नाहीशा झाल्या. त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध त्यामुळे उशिरा सुरू झाला.

स्टुअर्डला एक गोष्ट नक्की शिकवा. एका झटक्यात पाचपेक्षा जास्त सारख्या चुका दिसल्या तर हाताने दुरुस्त करायला बसायचं नाही. आधी ओनरला कळवायचं. आपल्या समन्वयकेने मन लावून काम केलं होतं आणि त्याच कष्टाने चूक झाकली गेली.

पाचवी पायरी: कस्टोडियन, आणि त्याच्यावरची बंदी

छोट्या संस्थेत कस्टोडियन हा बरेचदा बाहेरचा असतो, आठवड्यातून एकदा येणारा किंवा महिन्याच्या कंत्राटावरचा. त्याच्याशी केलेल्या करारात 'सिस्टीम चालू ठेवणे' एवढंच लिहिलेलं असतं. त्यात चार वाक्यं घाला.

पहिलं, फाइल चढवण्याआधी मूळ प्रत हात न लावता जपून ठेवायची. दुसरं, तारखा वर्ष-महिना-दिवस अशाच न्यायच्या, म्हणजे `2025-03-05`. हा आयएसओ 8601 या आंतरराष्ट्रीय मानकातला प्रकार आहे आणि त्यात दिवस-महिन्याची अदलाबदल होण्याची शक्यता जवळपास उरत नाही. सीएसव्ही डबल-क्लिकने उघडायची नाही, आयातीच्या खिडकीतून रकान्यांचा प्रकार सांगून उघडायची. नाहीतर सुरुवातीचं शून्य असलेले क्रमांकही शून्य गमावतात, आणि 15 पेक्षा जास्त अंकी क्रमांकांचे शेवटचे अंक एक्सेलमध्ये शून्य होतात. तिसरं, बॅकअप दर तीन महिन्यांनी प्रत्यक्ष परत उतरवून दाखवायचा. उतरवून न पाहिलेला बॅकअप आहे की नाही हे कोणालाच माहीत नसतं. चौथं, कोणतीही किंमत स्वतःहून बदलायची नाही.

चौथ्यावर थोडं थांबतो, कारण त्यावरून भांडणं होतात. कस्टोडियनकडे सगळ्या किल्ल्या असतात, म्हणून लोक त्याला फोन करून सांगतात, 'अरे, त्या ग्राहकाची तारीख जरा नीट कर.' तो मदत म्हणून डेटाबेसमध्ये थेट `UPDATE`, म्हणजे नोंद बदलण्याची आज्ञा, चालवतो. बदल झाला, पण कोणाच्या सांगण्यावरून, कधी आणि आधी काय होतं हे कुठेच राहिलं नाही. शिवाय मूळ शीटमध्ये चूक तशीच आहे, पुढच्या वेळी फाइल चढली की ती परत येणार. म्हणून नियम असा: चुकांच्या नोंदवहीतला क्रमांक दिल्याशिवाय कस्टोडियन किमतीला हात लावणार नाही. हा नियम त्याच्यावर अविश्वास म्हणून नाही, उलट त्याच्यावर नाहक खापर फुटू नये म्हणून आहे. त्याला तसंच सांगा.

एका माणसाकडे दोन भूमिका

18 माणसांत प्रत्येक यादीला तीन वेगळी माणसं मिळणार नाहीत. ओनर आणि स्टुअर्ड एकच असतील तर चालतं. तपासणी थोडी ढिली होते, इतकंच. स्टुअर्ड आणि कस्टोडियन एकच असतील तर बदलांची नोंद आपोआप ठेवणारी सोय सॉफ्टवेअरमध्ये चालू हवी आणि ती बंद करण्याचा अधिकार त्याच माणसाकडे नको. ओनर आणि कस्टोडियन एकच असणं मात्र टाळाच, विशेषतः पैशांशी किंवा पगाराशी संबंधित यादीत. अर्थही तोच ठरवणार, किमतीही तोच बदलू शकणार आणि बदलाची खूणही तोच पुसू शकणार. तीन-चार माणसांच्या संस्थेत इलाज नसेल तर महिन्यातून एकदा दुसऱ्या कोणीतरी बदलांची यादी नजरेखालून घालावी. पंधरा मिनिटांचं काम आहे.

चूक सापडली: आता काय

पुन्हा मार्चमधल्या त्या खोलीत जाऊ, पण या वेळी भूमिका ठरलेल्या आहेत असं धरून.

चूक ज्याला दिसली तो, म्हणजे हिशेबनीस, नोंदवहीत एक ओळ लिहितो: कोणता करार, काय दिसतंय, काय असायला हवं, कुठून कळलं. नोंदवही म्हणजे एक साधी शीट. तिच्यात कोणाची चूक असा रकाना ठेवू नका. ठेवलात तर लोक ओळी लिहिणं थांबवतात.

सर्व्हिस प्रमुख त्याच दिवशी एक निर्णय घेतो: संपण्याच्या तारखेवरून आपोआप जाणाऱ्या सूचना थांबवा आणि करार चालू आहे का हे तूर्त मूळ शीटवरून बघा. हा निर्णय फक्त तोच घेऊ शकतो. स्टुअर्ड एका चुकीवर थांबत नाही. चूक किती पसरली आहे हे ती मोजते. दोन्ही याद्या करार क्रमांकावर जुळवते आणि 77 फरक सापडतात. फरकांचा आकार बघितल्यावर, सगळ्यांत दिवस आणि महिना उलटे आहेत हे दिसल्यावर, कारण पाच मिनिटांत कळतं. एकच ओळ पाहून ती टायपिंगची चूक वाटली असती.

त्या 77 मधले ज्यांची खरी तारीख उलटून गेली आहे ते आधी बाजूला काढायचे, त्यांना फोन करायचा. ज्यांना सूचना वेळेआधीच गेली ते दुसरा गट, त्यांना एक खुलासा पुरतो. उरलेल्यांना काही कळवायची गरज नाही. हे कोणाला, काय कळवायचं ते ओनर ठरवतो. कस्टोडियन जपून ठेवलेल्या मूळ फाइलवरून तारखा योग्य प्रकारे पुन्हा चढवतो, नोंदवहीच्या क्रमांकासकट. स्टुअर्ड सूत्र पुन्हा चालवते. फरक शून्य आला तरच ओळ बंद होते, 'केलं' असं म्हटल्यावर नाही.

मग उत्तर कोणाचं

इथे तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात: बाहेर उत्तर कोण देणार, दुरुस्ती कोण करणार आणि कारण कोण बंद करणार. भांडणं होतात ती या तिन्हींना एकच नाव शोधताना.

बाहेर उत्तर नेहमी ओनर देतो. ग्राहकाला फोन सर्व्हिस प्रमुखाचाच जाणार, 'आमच्या सॉफ्टवेअरवाल्याकडून झालं' असं म्हणायची मुभा त्याला नाही. 'आमच्याकडून चुकीची तारीख लागली, सूचना गेली नाही, झालेल्या कामाचं आपण असं करू' एवढं तो बोलतो. संस्थेतल्या या वाटण्या कायद्यापुढेही ढाल होत नाहीत. माणसांची व्यक्तिगत माहिती असेल तर, उदाहरणार्थ, युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यात ती अचूक ठेवण्याचं बंधन संस्थेवर असतं आणि ते पाळल्याचं दाखवून देण्याचंही. आतला ओनर कोण, स्टुअर्ड कोण हे तिथे कोणी विचारत नाही.

कारण कोणी बंद करायचं हे मात्र तीन प्रश्नांनी ठरतं, याच क्रमाने. अर्थ ठरलेला होता का? नसेल तर कारण ओनरचं. एक दिवस हरवण्याची चूक या प्रकारची, ती पानावर लिहून त्यानेच बंद करायची. अर्थ ठरलेला होता, पण पहिल्यांदा नोंदवतानाच किंमत चुकली होती का? असेल तर नोंद करणाऱ्याने ती सुधारायची आणि तशी चूक पुढे पकडणारी तपासणी स्टुअर्डने लावायची. मूळ किंमत बरोबर होती आणि वाटेत किंवा साठवताना बिघडली का? तर कारण कस्टोडियनचं. आपल्या 77 तारखा या तिसऱ्या प्रकारात येतात.

क्रम महत्त्वाचा आहे. तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात केली तर प्रत्येक वेळी बोट कॉम्प्युटरवाल्याकडेच जातं.

पण समन्वयकेचं काय? 128 रिकामे रकाने पाहूनही तिने कळवलं नाही. माझ्या मते ही तिची चूक म्हणून लिहू नये, कारण तेव्हा 'पाचपेक्षा जास्त असतील तर कळवा' हा नियमच नव्हता. नियम लिहिणं ओनरचं काम होतं. आता नियम आहे, आणि पुढच्या वेळी असंच घडलं तर तिच्याकडे नक्की विचारणा होईल. याद्या चढवल्यावर 'ठीक आहे, वापरा' असं कोणीच म्हटलं नव्हतं, तेही ओनरकडे जातं. यापुढे कोणतीही मोठी फाइल चढली की ओळींची मोजणी आणि तारखांचं सूत्र हे दोन आकडे पाहून सर्व्हिस प्रमुख नोंदवहीत मान्यता लिहील, मगच सूचना चालू होतील.

काही चुका या तिन्ही प्रश्नांतून निसटतात. ग्राहकाने स्वतःच मशीनचा क्रमांक चुकीचा दिला, सगळ्यांनी तो नियमाप्रमाणे नोंदवला, सगळ्या तपासण्या पार झाल्या. आत कोणाकडेच कारण नाही. तरी ग्राहकाला उत्तर ओनरच देतो. पहिल्या भेटीत मशीनवरची पट्टी बघून क्रमांक ताडायचा का, हेही तोच ठरवतो. दर भेटीला किती मिनिटं जास्त जातील आणि वर्षाकाठी अशा किती चुका नोंदवहीत आल्या, हे दोन आकडे शेजारी ठेवून. वर्षात दोनच आल्या असतील तर तो 'नाही' म्हणू शकतो. तेही उत्तरच आहे, फक्त अर्थकोशाच्या पानावर तारखेसकट लिहिलेलं हवं.